‘अहवालात असे कुठेच नाही’ असे म्हणण्यापूर्वी

गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्याकडच्या वादचर्चांत एक नवा पुरावा पुढे येऊ लागला आहे. कुणीतरी सच्चर समितीच्या अहवालाचा दाखला देतो, दुसरा काही मिनिटांत उत्तर टाकतो : “मी अख्खा अहवाल एआयला वाचायला दिला. त्यात असा उल्लेखच नाही.” त्यानंतर चर्चा संपल्यात जमा असते. यंत्राने चारशे पाने वाचली आहेत, आपण वाचलेली नाहीत, मग बोलणार काय?

माझे म्हणणे असे की हा पुरावा पुरावाच नव्हे. यंत्र खोटे बोलते असे मला म्हणायचे नाही. ‘वाचायला दिला’ आणि ‘वाचला’ या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर कुठे पडते हे नेमकेपणाने सांगता येते. त्याचे नाव आहे कॉन्टेक्स्ट विंडो. भाषा मॉडेलला एका वेळी आपल्यासमोर जेवढा मजकूर धरता येतो, त्याची ही कमाल मर्यादा. हा शब्द तांत्रिक वाटला तरी त्याचा हिशेब आपल्याला कागदावर मांडता येतो. मी तो सच्चर अहवालावरच मांडणार आहे, कारण आपल्याकडे सर्वाधिक उद्धृत होणारा आणि सर्वांत कमी वाचला जाणारा दस्तऐवज तोच आहे.

आधी एक भेद लक्षात घ्यावा लागेल. मकतबमध्ये शिकलेल्यांना ‘नाजरा’ आणि ‘हिफ्ज’ हे दोन शब्द माहीत असतात. नाजरा म्हणजे समोर पाहून वाचणे, हिफ्ज म्हणजे मुखोद्गत असणे. भाषा मॉडेलमध्येही अशा दोन गोष्टी आहेत. प्रशिक्षणाच्या वेळी त्याने प्रचंड मजकूर पाहिलेला असतो आणि त्याचा ठसा त्याच्यात उरलेला असतो. मात्र तो हाफिजाच्या पाठांतरासारखा अक्षरशः नसतो. एखादा लेख फार वर्षांपूर्वी वाचलेल्या माणसाच्या आठवणीसारखा तो धूसर असतो. दुसरी गोष्ट म्हणजे आपण आत्ता त्याच्यापुढे ठेवलेला मजकूर. तो मात्र त्याला शब्दशः दिसतो. कॉन्टेक्स्ट विंडो ही या समोर पाहून वाचण्याची जागा आहे. जे या जागेत मावते ते त्याला दिसते. जे मावत नाही ते त्याच्यासाठी नसतेच, आणि तिथे ते आपल्या धूसर आठवणीवर विसंबते.

ही जागा टोकनमध्ये मोजतात. टोकन म्हणजे शब्दाचा तुकडा. इंग्रजीत ढोबळमानाने तीन शब्दांचे चार टोकन होतात. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले तेव्हा ही मर्यादा सुमारे चार हजार टोकन होती, म्हणजे पाच-सहा छापील पाने. मार्च २०२३ मध्ये जीपीटी-४ आठ हजार आणि बत्तीस हजार अशा दोन मापांत आले. त्याच वर्षी मे महिन्यात क्लॉडची मर्यादा एक लाखावर गेली. नोव्हेंबरात जीपीटी-४ टर्बो एक लाख अठ्ठावीस हजारांवर पोहोचले. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुगलने जेमिनी १.५ साठी दहा लाखांची मर्यादा जाहीर केली. वाढ झपाट्याने झाली हे खरे, पण मर्यादा मुळात का असते हे समजले तर या आकड्यांकडे पाहण्याची नजर बदलते.

ही मॉडेल्स मजकुरातल्या प्रत्येक टोकनचा संबंध त्याच्या आधी आलेल्या प्रत्येक टोकनशी तपासतात. मजकूर एक लाख टोकनचा असेल तर अशा जोड्या सुमारे पाचशे कोटी होतात. मजकूर दुप्पट केला तर जोड्या दुप्पट होत नाहीत, चौपट होतात, म्हणजे दोन हजार कोटी. शिवाय वाचलेल्या प्रत्येक टोकनची नोंद संगणकाच्या महागड्या स्मृतीत धरून ठेवावी लागते. खर्च असा चढत जातो म्हणून सेवा देणाऱ्याला कुठेतरी रेषा ओढावी लागते. आणि ती रेषा नेहमी मॉडेलच्या कमाल क्षमतेवरच ओढलेली असते असेही नाही. फुकट वापरणाऱ्याला कमी जागा आणि पैसे भरणाऱ्याला जास्त, असा भेद सर्रास असतो.

आता सच्चर अहवाल घेऊ. नोव्हेंबर २००६ मध्ये सादर झालेला हा इंग्रजी अहवाल चारशेहून थोड्या अधिक पानांचा आहे. त्यात बारा प्रकरणे आहेत. मुख्य मजकूर सुमारे अडीचशे पानांत संपतो आणि पुढची दीडशे पाने परिशिष्टातल्या तक्त्यांची आहेत. एका पानावर पाचशे शब्द धरले तर मुख्य मजकूर सव्वा लाख शब्दांचा, म्हणजे अंदाजे एक लाख सदुसष्ट हजार टोकनांचा होतो. तक्त्यांची पाने आकड्यांनी गच्च भरलेली आहेत आणि आकडे टोकन जास्त खातात. पानामागे एक हजार धरले तर आणखी दीड लाख. एकूण तीन लाखांच्या वर. हा माझा अंदाज आहे, पण पानामागे थोडे कमी-अधिक केले तरी निष्कर्ष बदलत नाही. एक लाख अठ्ठावीस हजारांच्या विंडोत हा अहवाल मावत नाही.

मग न मावणाऱ्या मजकुराचे काय होते? काही सेवा सरळ सांगतात की फाइल फार मोठी आहे. हा सर्वांत प्रामाणिक प्रकार. काही सेवा मावेल तेवढे ठेवून बाकीचे कापतात आणि ही काटछाट प्रत्येक वेळी वापरणाऱ्याला कळतेच असे नाही. आपल्या अहवालाची शेपटी कापली गेली तर काय होईल? मुख्य मजकुरातच एक लाख अठ्ठावीस हजार टोकन एकशे नव्वदाव्या पानाच्या आसपास संपतात. प्रत्यक्षात त्याच्याही थोडे आधी, कारण त्याच विंडोत आपला प्रश्न, सेवेच्या स्वतःच्या सूचना आणि मॉडेलने लिहायचे उत्तरही बसवावे लागते. या कापाच्या पलीकडे काय राहिले? वक्फचे अकरावे प्रकरण आणि शिफारशींचे बारावे प्रकरण. वक्फच्या सुमारे चार लाख नव्वद हजार नोंदणीकृत मालमत्ता, त्यांची सहा लाख एकर जमीन, सहा हजार कोटींचे पुस्तकी मूल्य आणि एक लाख वीस हजार कोटींचे अंदाजित बाजारमूल्य, ही सगळी मांडणी तिथे आहे. समान संधी आयोगाची शिफारसही तिथेच आहे. ‘अहवालात वक्फविषयी ठोस काही नाही’ असे उत्तर अशा वेळी आले, तर मॉडेलने आपल्यासमोरच्या मजकुराविषयी खरेच सांगितलेले असते. फक्त त्याच्यासमोर जे होते त्याला अहवाल म्हणता येत नाही.

तिसरा प्रकार आज सर्वांत जास्त चालतो आणि सर्वांत कमी लक्षात येतो. फाइल दिली की सेवा तिचे काहीशे शब्दांचे तुकडे पाडते. आपण प्रश्न विचारला की त्या प्रश्नाशी मिळतेजुळते वाटणारे थोडे तुकडे शोधून काढते आणि तेवढेच मॉडेलपुढे ठेवते. म्हणजे मॉडेलने पुस्तक वाचलेले नसते. ग्रंथपालाने निवडून दिलेल्या आठ-दहा चिठ्ठ्या वाचलेल्या असतात.

याचा परिणाम एका उदाहरणात पाहू. मुस्लिम मुलांपैकी किती मदरशात जातात, हा आपल्याकडचा कायमचा वादाचा मुद्दा आहे. सच्चर अहवालाच्या शिक्षणविषयक चौथ्या प्रकरणात यासंबंधी एकाच जागी तीन आकडे येतात. शाळकरी वयाच्या शिकत असलेल्या मुस्लिम विद्यार्थ्यांपैकी सुमारे ४ टक्के. त्या वयाच्या एकूण मुस्लिम मुलांपैकी, म्हणजे शाळेत न जाणारीही धरून, सुमारे ३ टक्के. हे दोन्ही आकडे एकाच पाहणीचे. तिसरा आकडा दुसऱ्या स्रोताचा, ७ ते १९ वयोगटासाठी २.३ टक्के. तिन्ही आकडे बरोबर आहेत. फरक आहे तो छेदात : कशाचे टक्के? त्याच चर्चेत अहवाल मदरसा आणि मकतब यांतला फरकही स्पष्ट करतो, कारण मकतबमध्ये जाणारी मुले बहुतेकदा नेहमीच्या शाळेतही जातात.

आता तुकडे पाडताना कात्री ४ टक्क्यांच्या वाक्यानंतर पडली असे समजा. एक तुकडा निवडला गेला, पुढचा राहून गेला. उत्तरात ४ टक्के येतील आणि ते एकूण मुलांचे आहेत असे वाटेल. दुसऱ्या वापरणाऱ्याला दुसरा तुकडा मिळेल आणि तो २.३ म्हणेल. दोघे एकमेकांना खोटारडे ठरवतील आणि दोघांकडेही ‘अहवाल एआयने वाचला आहे’ हाच दाखला असेल. मकतबचा खुलासा तिसऱ्याच तुकड्यात गेल्यामुळे दोघांनाही दिसणार नाही.

शोध घेण्यातही अडचणी आहेत. इंग्रजी अहवालात वक्फ हा शब्द ‘क्यू’ने नव्हे, ‘के’ने लिहिलेला आहे, आणि मदरसा या शब्दाचे स्पेलिंगही आज रूढ असलेल्यापेक्षा वेगळे आहे. चांगल्या शोधयंत्रणा अशा फरकातून वाट काढतात, साध्या यंत्रणा अडखळतात. त्याहून मोठी अडचण प्रश्नाच्या स्वरूपाची आहे. ‘सनदी सेवेत मुस्लिमांचे प्रमाण किती’ या प्रश्नाचे उत्तर एका जागी मिळते : भारतीय प्रशासन सेवेत ३ टक्के, परराष्ट्र सेवेत १.८, पोलीस सेवेत ४. अशा प्रश्नाला तुकड्यांची पद्धत पुरते. पण ‘अहवालात महिलांविषयी एकूण काय म्हटले आहे’ किंवा ‘अमुक गोष्ट कुठेच नाही ना’ या प्रश्नांचे उत्तर कोणत्याच एका तुकड्यात नसते. त्यासाठी सगळेच वाचावे लागते, आणि ही पद्धत सगळे वाचतच नाही.

इथे वाचक म्हणेल, आता दहा लाखांची विंडो आली आहे, तीन लाखांचा अहवाल आरामात मावेल. मग तक्रार कशाची? तक्रार अशी की मावणे म्हणजे सारखे लक्ष देणे नव्हे. २०२३ मध्ये नेल्सन लिऊ आणि सहकाऱ्यांचा ‘लॉस्ट इन द मिडल’ हा शोधनिबंध आला. त्यांनी मॉडेलपुढे दहा, वीस, तीस उतारे ठेवले. उत्तर त्यांतल्या एकाच उताऱ्यात होते आणि त्या उताऱ्याची जागा ते बदलत गेले. उत्तर सुरुवातीला किंवा शेवटी असेल तेव्हा मॉडेल चांगले चालले. मध्ये असेल तेव्हा घसरले. काही वेळा तर जीपीटी-३.५ ची कामगिरी एकही उतारा न देता नुसत्या आठवणीवर दिलेल्या उत्तरांपेक्षा खाली गेली. म्हणजे वाचायला दिल्याने मदत होण्याऐवजी गोंधळ वाढला.

नंतरची मॉडेल्स यात पुष्कळ सुधारली आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. लांबलचक मजकुरात एखादे विसंगत वाक्य लपवून ते शोधायला लावले तर आजची मॉडेल्स ते बहुधा शोधतात. पण लपवलेल्या वाक्यात प्रश्नातले शब्द जसेच्या तसे असतील तर ते काम सोपे असते. शब्द वेगळे आणि अर्थाने जोडायचे असेल, किंवा पन्नासाव्या पानावरचे विधान तीनशेव्या पानावरच्या तक्त्याशी ताडायचे असेल, तर लांबी वाढते तशी अचूकता कमी होते. आणि अहवाल वाचणे म्हणजे नेमके हेच काम असते. सच्चर अहवालाचे मर्म मुख्य मजकूर आणि परिशिष्ट यांच्यातल्या येरझाऱ्यांत आहे.

मराठी आणि उर्दू वाचकांसाठी यात आणखी एक वेगळा मुद्दा आहे. टोकनचे माप सगळ्या भाषांना सारखे लागू होत नाही. मजकुराचे तुकडे पाडण्याचे नियम मुख्यतः इंग्रजी मजकुरावर घडले. त्यामुळे इंग्रजी शब्द एकाच तुकड्यात बसतो, तर देवनागरी किंवा उर्दू लिपीतल्या शब्दाच्या चिंध्या होतात. ओपनएआयने मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ आणताना स्वतःच याचे आकडे दिले होते. एकाच आशयाच्या नमुना मजकुराला जुन्या पद्धतीत इंग्रजीत २७ टोकन लागत, उर्दूत ८२ आणि मराठीत ९६. नव्या पद्धतीत इंग्रजीत २४, तर उर्दू आणि मराठीत ३३.

हे प्रमाण सच्चर अहवालाच्या मराठी अनुवादाला लावून पाहा. जुन्या पद्धतीत मुख्य मजकूरच सहा लाख टोकनांच्या जवळ जाईल. एक लाख अठ्ठावीस हजारांच्या विंडोत मूळ अहवालाच्या पन्नास-पंचावन्न पानांइतकाच मजकूर बसेल. नव्या पद्धतीत तोच अनुवाद दोन लाखांच्या आसपास येईल. सुधारणा मोठी आहे, तरी तो त्या विंडोत मावत नाहीच. जाहिरातीत एकच आकडा छापलेला असतो, पण आपल्या भाषेत त्या जागेत मजकूर कमीच बसतो. मराठी किंवा उर्दू दस्तऐवजावर काम करणाऱ्याने हे गृहीत धरूनच चालावे.

आता सर्वांत अवघड प्रश्न. मॉडेलने वाचले की नाही, हे ओळखायचे कसे? सच्चर अहवालासारख्या गाजलेल्या दस्तऐवजाबाबत तर हे फारच कठीण आहे, कारण त्याच्याविषयी इंटरनेटवर हजारो लेख आहेत आणि त्यांचा ठसा मॉडेलच्या आठवणीत आहेच. फाइल अर्धी कापली गेली तरी ते वक्फवर दोन परिच्छेद सफाईने लिहील. त्यात बरोबर गोष्टीही असतील. उत्तर ओघवते आहे यावरून अहवाल वाचला गेला असे मुळीच सिद्ध होत नाही.

याची साधी कसोटी आहे. अहवालाच्या प्रतीत, अगदी मधल्या आणि अगदी शेवटच्या भागात, एकेक आकडा मुद्दाम बदलावा आणि त्याविषयी प्रश्न विचारावा. बदललेला आकडा उत्तरात आला तर समोरचे वाचले गेले. मूळ खरा आकडा आला तर ते आठवणीतून बोलते आहे. तपासणी झाली की ती प्रत पुसून टाकावी, नाहीतर तीच उद्या व्हॉट्सॲपवर फिरेल. आणखी एक खूण : संभाषण लांबत गेले की सुरुवातीला दिलेला मजकूर विंडोच्या बाहेर ढकलला जाऊ शकतो किंवा त्याच्या जागी सारांश येऊ शकतो. पहिल्या प्रश्नाला नेमका पृष्ठक्रमांक देणारे उत्तर विसाव्या प्रश्नाला मोघम झाले, तर हेच घडले असावे. अशा वेळी नवे संभाषण उघडून मजकूर पुन्हा द्यावा.

काम नीट करायचे असेल तर मार्ग किचकट नाही. बारा प्रकरणे वेगळी करावीत. सरासरी वीस पानांचे प्रकरण चौदा हजार टोकनांच्या आत बसते, म्हणजे आजच्या जवळपास कोणत्याही विंडोत आरामात. एकच प्रश्न बारा वेळा, प्रत्येक प्रकरणावर स्वतंत्रपणे विचारावा. प्रत्येक उत्तरासोबत पृष्ठक्रमांक आणि मूळ इंग्रजी वाक्य मागावे. मग ते पान स्वतः उघडून पाहावे. बारा पाने उघडणे हे चारशे पाने वाचण्यापेक्षा खूपच सोपे आहे. यंत्राचा खरा उपयोग इथे आहे : कुठे पाहायचे ते त्याने सांगावे, काय आहे ते आपण पाहावे.

म्हणून माझा आग्रह एका गोष्टीसाठी आहे. ‘अहवालात असे आहे’ आणि ‘अहवालात असे नाही’ ही दोन विधाने एकाच तराजूत तोलू नयेत. पहिल्याला पान दाखवता येते. पान उघडले की खरे-खोटे तिथेच कळते, मग सांगणारा माणूस असो की यंत्र. दुसऱ्याला दाखवायला पान नसते. त्यामागे सगळी पाने पाहिली आहेत एवढी हमी असावी लागते, आणि कॉन्टेक्स्ट विंडो नेमकी हीच हमी देत नाही. निवेदन तयार करणाऱ्या संघटना, वर्तमानपत्रात पत्र लिहिणारे कार्यकर्ते, प्रबंध लिहिणारे विद्यार्थी यांनी ‘नाही’ हे उत्तर तेवढ्यापुरते ‘सापडले नाही’ असे वाचावे. आपल्या समाजाविषयीचे अहवाल आजवर न वाचताच उद्धृत केले गेले. आता ते न वाचताच नाकारले जाऊ नयेत.